हजेरी क्रमांकावरचा प्रश्न

संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोडवलेल्या कार्यपत्रिकेचा फोटो येतो आणि रात्रीपर्यंत तो बऱ्याच वह्यांत उतरलेला असतो. मी सहावीला गणित शिकवते. मुलांना रागावण्याआधी मी स्वतः दिलेला प्रश्न पुन्हा वाचते. ‘०.३५ आणि ०.६ यांत मोठी संख्या कोणती?’ याचं उत्तर सगळ्या वर्गाचं एकच. ते फोटोतून उतरवणं अगदी सोपं आहे.

शिवाय त्यातून मुलाच्या मनातलं फारसं कळतही नाही. दशांश चिन्हापुढे जास्त अंक म्हणजे मोठी संख्या, असं पुष्कळ मुलांना वाटतं. पस्तीस सहापेक्षा मोठे ना! काहींचा समज बरोबर उलटा असतो: जास्त अंक म्हणजे बारीक तुकडे, म्हणून संख्या लहान. या मुलांचं उत्तर बरोबर येतं, पण चुकीच्या कारणाने.

म्हणून मी प्रश्न असा देते. आपला हजेरी क्रमांक शतांशात लिहा. सतराव्या मुलीची संख्या झाली ०.१७. आता दशांश चिन्हापुढे तीन अंक असलेली, पण ०.१७ पेक्षा लहान संख्या शोधा. इथेच थांबलं तर पळवाट राहते, कारण ०.००१ सगळ्यांनाच चालते. म्हणून आणखी एक अट: ती आधीच्या शतांशापेक्षा, म्हणजे ०.१६ पेक्षा, मोठी हवी. आता ०.१६८ चालेल, ०.१६३ चालेल. पण चोविसाव्या मुलाला ०.२३ आणि ०.२४ यांच्या मधली संख्या लागते. दुसऱ्याचं उत्तर तिथे बसतच नाही. आणि मला सर्वांत आवडतं ते हे, की दोन्ही गैरसमज इथे अडतात. पहिल्या मुलाला ०.१६८ ही ०.१७ पेक्षा मोठी वाटते, दुसऱ्याला ती ०.१६ पेक्षाही लहान वाटते.

त्याखाली दोन ओळींची जागा असते. ‘तुझा मित्र म्हणतो, तुझी तीन अंकी संख्याच मोठी आहे. त्याला मीटरपट्टीवर समजावून दे.’ ०.१७ मीटर म्हणजे १७ सेंटिमीटर आणि ०.१६८ मीटर म्हणजे १६ सेंटिमीटर ८ मिलिमीटर. ज्याने हे उतरवलेलं असतं, त्याच्या वाक्यात बहुतेक वेळा मित्राचेच सेंटिमीटर राहून जातात.

तरीही एक युक्ती उरते. क्रमांकातून एक वजा करा आणि शेवटी शून्य सोडून कुठलाही अंक जोडा, एवढं मित्राने शिकवलं की संख्या बरोबर येते. शंका आली तर दुसऱ्या दिवशी मी बाकाजवळ जाऊन विचारते, “०.१६९ आणि ०.१७ यांच्या मधे काही आहे का?” फक्त युक्ती पाठ असलेलं मूल ‘नाही’ म्हणतं. समजलेलं मूल थोडं थांबतं आणि ०.१६९५ सांगतं.

हे तपासायला वेळ लागतो, भरलेल्या वर्गात तर फारच. म्हणून एका कार्यपत्रिकेत असा एकच प्रश्न असतो. बाकीची उदाहरणं सरावाची, आणि त्यांना मी गुण देत नाही.