नागीण अर्ध्यावरच का थांबते?

[दृश्य: दवाखान्यातली खोली. पाठमोरे बसलेले काका. शर्ट काढलेला.]

लालबागच्या एका गल्लीतला हा त्वचारोगाचा दवाखाना. शनिवार, सकाळचे अकरा. काकांचं वय सहासष्ट. बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होते, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली.

पाठीकडे नीट बघा. मणक्याच्या डाव्या कडेला एक लालसर ठिपका दिसतो. तिथून चट्टा निघतो, खांद्याच्या पात्याखालून काखेच्या खाली येतो आणि बरगडीला धरून पुढे वळतो. चट्ट्यावर पाण्याने भरलेल्या फोडांचे झुबके आहेत. एक झुबका, थोडी मोकळी कातडी, मग दुसरा झुबका. आणि या सगळ्यावर गेरूचा जाड लेप.

[दृश्य: कॅमेरा पुढे येतो. छातीचा मधला भाग.]

पुढे छातीच्या मधोमध आल्यावर चट्टा संपतो. पट्टी धरून रेघ ओढावी तसा. उजवी बाजू कोरी आहे.

आपल्याकडे याला नागीण म्हणतात. आणि नागीण म्हटली की पुढचं वाक्य ठरलेलं: तोंड आणि शेपटी एकत्र आली की माणूस संपला. काकांच्या चाळीतही गुरुवारी सकाळी हेच वाक्य म्हटलं गेलं. तोंड पुढे सरकू नये म्हणून शेजारच्या आजींनी गेरू लावला, दोन्ही टोकांना जरा जाडच. आजींचं मन साफ आहे. पण नागीण थांबते ती गेरूमुळे नाही.

[दृश्य: डॉक्टर ओल्या कापसाने गेरू पुसत आहेत. काकांचा चेहरा.]

दुखणं सोमवारी रात्री सुरू झालं. त्या रात्रीचं चित्रण अर्थातच आमच्याकडे नाही, काका सांगतात तेवढंच. जेवून आडवे झाले आणि डाव्या बरगडीखाली जळजळायला लागलं. मग सुई टोचल्यासारखी कळ, थांबून थांबून. डावी बाजू, वय सहासष्ट. घरच्यांनी टॅक्सी केली. ईसीजी काढला, तो नीट आला. पित्ताची गोळी मिळाली. मंगळवारी मुलगा म्हणाला, पाण्याचा पिंप उचललात ना, लचक भरली असेल. बुधवारी काकूंनी बाम चोळला. बनियनचा नुसता स्पर्शही काकांना सोसेना, पण कातडीवर काहीच दिसत नव्हतं.

डावी बाजू दुखली की ईसीजी काढायलाच हवा, त्यात काही चुकलं नाही. नागिणीचं दुखणं फोडांच्या आधी येतं, बहुतेकदा एक ते पाच दिवस. तेवढे दिवस ते हृदयाचं वाटतं, मुतखड्याचं वाटतं, पित्ताशयाचं वाटतं. खूण एकच असते: एकाच बाजूला, पट्ट्यासारखं, आणि कातडीला हलका स्पर्शही झोंबणारं.

[दृश्य: डॉक्टर कापसाची वात हातात घेऊन आधी उजव्या, मग डाव्या बरगडीवर फिरवतात.]

उजवीकडे काका शांत बसले आहेत. डावीकडे नुसता कापूस टेकला, तर बघा.

डॉक्टर विचारतात, "काका, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?"

[दृश्य: जुना कृष्णधवल फोटो. अर्ध्या चड्डीतला मुलगा, मागे कौलारू घर.]

आल्या होत्या. हा फोटो साठच्या दशकातला, चिपळूणजवळच्या गावातला. काका तेव्हा नऊ वर्षांचे. कपाळावरचा कांजिण्यांचा वण आजही दिसतो. आईने गोधडीवर कडुलिंबाचा पाला पसरून त्यावर निजवलं होतं, एवढं त्यांना आठवतं. घरात कुणी याला देवी म्हणायचं, कुणी कांजिण्या. देवी हा वेगळा रोग, तो आता जगातूनच गेला. काकांना आल्या त्या कांजिण्याच.

पंधरा दिवसांत खपल्या पडल्या, पोरगा शाळेत गेला. आजार संपला, असं सगळ्यांना वाटलं. तो संपला नव्हता, आणि आमची सगळी गोष्ट इथेच आहे.

[दृश्य: डॉक्टर कागदावर पाठीचा कणा काढतात. मणक्यांच्या दोन्ही बाजूंना ठिपके.]

कांजिण्यांचा विषाणू श्वासातून शिरतो, रक्तातून अंगभर फिरतो आणि कातडीवर फोड उठवतो. कातडीत स्पर्शाच्या आणि वेदनेच्या मज्जातंतूंची टोकं असतात. विषाणू या टोकांतून आत शिरतो आणि तंतूच्या आतून वर चढतो, थेट पाठीच्या कण्यापर्यंत. कण्याच्या दोन्ही अंगांना, प्रत्येक मणक्यापाशी, या तंतूंची एकेक छोटी गाठ असते. डॉक्टरांनी काढलेले ठिपके म्हणजे त्या गाठी. विषाणू तिथल्या पेशींत जाऊन बसतो. तिथे तो वाढत नाही, पेशीला मारत नाही. अंगातल्या संरक्षक पेशींचा त्याच्यावर पहारा असतो, आणि वर्षानुवर्षं काहीच घडत नाही.

काकांच्या बाबतीत सत्तावन्न वर्षं काही घडलं नाही. तेवढ्यात शाळा झाली, मुंबई झाली, गिरणीत नोकरी मिळेना म्हणून बेस्ट झाली, लग्न, दोन मुलं, निवृत्ती.

[दृश्य: कंडक्टरचा जुना चामडी पट्टा, खुंटीला टांगलेला.]

वय वाढतं तसा पहारा सैल होतो. साखरेचा आजार असेल, स्टिरॉइड चालू असतील, कर्करोगाचे उपचार किंवा एचआयव्ही असेल, तर तो कमी वयातही सैल होतो. म्हणून तरुण माणसाला नागीण झाली की डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. पहारा सैल झाला की एखाद्याच गाठीतला विषाणू जागा होतो. आधी गाठ सुजते. तीच ती सोमवारची रात्र: दुखणं आतल्या गाठीचं, वाटतं मात्र बरगडीचं, कारण त्या गाठीला निरोप येतात ते त्याच बरगडीवरच्या कातडीकडून. मग विषाणू चढला त्याच वाटेने खाली उतरतो आणि तंतू जिथे जिथे पोहोचतो तिथे फोड उठतात.

[दृश्य: डॉक्टरांचं बोट काकांच्या पाठीवरून, मणक्यापासून छातीच्या मध्यापर्यंत फिरतं.]

आता हे बोट बघा. पाठीच्या कण्यातून निघालेला डावा तंतू बरगडीच्या खालच्या कडेने पुढे येतो आणि छातीच्या मधोमध त्याची हद्द संपते. पलीकडची कातडी उजव्या तंतूची, त्याची गाठ वेगळी. डावी गाठ कितीही पेटली तरी विषाणूला उजवीकडे जायला ही वाट नाही. एखाद-दुसरा फोड रेषेच्या जरा पलीकडे दिसू शकतो, बाकी काही नाही. चाळीतले लोक जो वेढा पुरा होण्याची धास्ती घेतात, तो पुरा होणारच नसतो. फोड दोन्ही अंगांना किंवा अंगभर पसरलेच, तर अर्थ असा की शरीराची प्रतिकारशक्ती फार ढासळली आहे. तेव्हा रुग्णालय गाठायचं.

आणि पट्टा बरगडीवरच का? कांजिण्या धडावर आणि चेहऱ्यावर सर्वांत दाट येतात. जिथे फोड दाट, तिथून वर चढलेला विषाणूही जास्त. म्हणून पुढे नागीणही याच जागा धरते. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर उठली तर डोळ्याला धोका असतो, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. आमच्या चित्रणात तसा रुग्ण नाही.

[दृश्य: चाळीची गॅलरी. सून कडेवर बाळ घेऊन उभी. काका आतल्या खोलीत.]

हे बाळ आठ महिन्यांचं. फोडांवर खपली धरेपर्यंत ते आजोबांच्या मांडीवर बसलं नाही. 1892 साली बुडापेस्टमध्ये बोके नावाच्या बालरोगतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की घरात मोठ्या माणसाला नागीण होते आणि काही दिवसांनी त्याच घरातल्या मुलाला कांजिण्या येतात. दोन्ही आजार एकाच मुळाचे असावेत, ही शंका तिथून सुरू झाली. 1965 मध्ये होप-सिम्पसन या इंग्रज डॉक्टरने, तेही एका लहान गावात दवाखाना चालवणाऱ्या, आपल्या रुग्णांच्या नोंदी मांडून सांगितलं की नागीण बाहेरून येत नाही, आत लपलेलीच उठते.

म्हणजे काकांची नागीण बाळाला होणार नव्हती. फोडांतल्या पाण्याने बाळाला कांजिण्या आल्या असत्या. सुनेला शाळेत असताना येऊन गेल्या आहेत, म्हणून तिने काकांची भांडी-कपडे बिनधास्त केले. गरोदर बाई असेल आणि तिला कांजिण्या आल्या नसतील, तर मात्र तिने लांब राहायचं.

[दृश्य: भिंतीवर खडूने लिहिलेलं: 6, 10, 2, 6, 10.]

पुन्हा शनिवारकडे. डॉक्टरांनी वेळ मोजली, दुखण्यापासून नाही, पहिला फोड दिसल्यापासून. गुरुवारी सकाळी सहाला काकूंना तो दिसला. शनिवारी अकरा वाजता त्रेपन्न तास झाले होते. औषध बहात्तर तासांच्या आत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी पडतं, कारण ते विषाणूची वाढ रोखतं. वाढ होऊन गेल्यावर रोखायला उरतं काय? गेरूच्या दोन दिवसांनी मधले बहुतेक तास खाल्ले. एकोणीस उरले होते.

अ‍ॅसायक्लोव्हिर, 800 मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. औषध मूत्रपिंडातून बाहेर जातं, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं. ते ठीक होतं. पाणी भरपूर प्यायचं. फोड फोडायचे नाहीत, साध्या पाण्याने धुवायचे, सैल सुती कापड. भिंतीवरच्या वेळा काकांच्याच हातच्या. चाळीस वर्षं वेळापत्रकावर चाललेला माणूस, एक गोळी चुकली नाही.

[दृश्य: दहाव्या दिवशीची पाठ. खपल्या तपकिरी.]

दहाव्या दिवशी खपल्या. तिसऱ्या आठवड्यात फिकट डाग. चट्टा गेला, जळजळ राहिली. तीन महिन्यांहून जास्त टिकली तर ते मागे राहिलेलं मज्जातंतूचं दुखणं. साठीनंतर ते बऱ्याच जणांना गाठतं आणि त्याच्या गोळ्या वेगळ्या असतात. पन्नाशीनंतर घेण्याची लसही आहे, दोन डोसची, भारतात 2023 पासून मिळते. महाग आहे.

[दृश्य: चौथा महिना. लालबागचा बस थांबा. काका चढतात.]

काका आता पुन्हा बसने फिरतात, तिकीट काढून, प्रवासी म्हणून. ही दुपारची बस. खिडकीची जागा मिळाली आहे.

[दृश्य: जवळून. डावा हात. दोन बोटांनी शर्ट बरगडीपासून दूर धरलेला. बस सुटते. निवेदन नाही.]