'ययाति'ची चार पानं

(सांगलीत बी.ए.च्या मराठीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

चारशेच्या वर पानांची कादंबरी चार पानांत कशी बसवायची, हे सांगायला मला बोलावलंय. उदाहरणासाठी मी 'ययाति' निवडली. एक तर खांडेकरांचा जन्म आपल्या सांगलीतला, 1898 सालचा. शिवाय 1959 साली आलेल्या या कादंबरीवर उत्तर लिहिताना मुलं ज्या चुका करतात, त्या मी वर्षानुवर्षं पेपर तपासताना पाहिल्या आहेत. आणि खरं सांगायचं तर त्या चुका माझ्याही होत्या. मी स्वतः टी.वाय.ला असताना या कादंबरीचं कथानक ओळीनं लिहून आलो होतो. पुरवणी घेतली, पुढे आणखी एक घेतली. मार्क आले निम्म्याहून कमी.

कथानक ओळीनं काढलं की सारांश होतो, पण परीक्षेला तो उपयोगी पडत नाही. परीक्षक विचारतो, 'देवयानीच्या व्यक्तिरेखेचा विकास स्पष्ट करा.' तुमच्याकडे काय असतं? विहीर, लग्न, शर्मिष्ठा दासी होते, पुरु यौवन देतो. घटना असतात, देवयानी सापडत नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे, ही कादंबरी कोण सांगतंय ते पेन्सिलीनं समासात लिहा. इथे तीन निवेदक आहेत. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा, तिघंही 'मी' म्हणून बोलतात. पहिल्या वाचनात बाकी काही टिपू नका, फक्त य, दे, श एवढंच. हे बालिश वाटतं, पण पुढचं सगळं यावर उभं राहतं. आणि एक गोष्ट आपोआप दिसते. कचाला स्वतःचं निवेदन नाही. तो कादंबरीभर आहे, मूळ महाभारतात संजीवनी घेऊन तो निघून जातो आणि इथे मात्र पुढेही राहतो, तरी आपण त्याला कायम दुसऱ्याच्या नजरेनं पाहतो. कचावर प्रश्न आला तर ही एक ओळ तुमच्या उत्तराची सुरुवात होऊ शकते.

आता दुसऱ्या वाचनात एकेका पात्राचं एकेक पान. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ते पात्र स्वतःविषयी काय सांगतं, उजवीकडे इतर त्याच्याविषयी काय सांगतात. देवयानीचं पान मी तुमच्यासमोर भरून दाखवतो.

उजवीकडे लगेच गर्दी होते. गर्विष्ठ, हट्टी, शुक्राचार्यांची लाडावलेली लेक. शर्मिष्ठेनं तिला विहिरीत ढकललं, ययातीनं हात धरून वर काढलं, आणि तिनं राजकन्येला दासी करून सोबत हस्तिनापुरी आणली. बहुतेक उत्तरं इथेच संपतात. डाव्या बाजूला लिहायला तिची स्वतःची प्रकरणं वाचावी लागतात. तिथे आधी कच आहे. तिनं ज्याच्यासाठी बापाकडे विद्येचा हट्ट धरला, तो म्हणाला, मी शुक्राचार्यांच्या पोटातून बाहेर आलो, म्हणजे तू माझी बहीण. तिनं शाप दिला, त्यानं उलट शाप दिला की कोणी ऋषिपुत्र तुला वरणार नाही. मग राजा तिला सापडतो. आता सांगा, विहिरीतून बाहेर काढणाऱ्याचा हात धरणं हा गर्व आहे, की नाकारलेल्या बाईची घाई?

उत्तर मी देणार नाही. पण डावी-उजवी बाजू जिथे जुळत नाही, तिथे खूण करा. विकास म्हणजे ही खुणेची जागा. तीन वाक्यांत लिहा: सुरुवातीला तिला काय हवं होतं, कोणत्या प्रसंगानं ते बदललं किंवा घट्ट झालं, शेवटी ती कुठे आहे. चौथं वाक्य लागलं तर तुम्ही पुन्हा कथानक सांगू लागला आहात, असं समजा. आणि बदल नाही असं आढळलं तर तसंच लिहा. सगळ्या पात्रांना सुधारून सोडायची गरज नसते.

ययातीच्या पानावर एक खास अडचण आहे. तो गोष्ट सांगतो तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणजे दोन ययाति आहेत, एक जगणारा आणि एक मागे वळून सांगणारा. एखादं शहाणं, विरक्त वाक्य सापडलं की मुलं ते तरुण ययातीच्या तोंडी घालतात आणि 'ययाति आधीपासूनच चिंतनशील होता' असं लिहितात. अहो, चिंतन शेवटी आलेलं आहे. म्हणून त्याचं प्रत्येक अवतरण टिपताना बाजूला 'तेव्हा' किंवा 'नंतर' लिहा. एवढ्यानंच उत्तर वेगळं दिसतं.

अवतरणांबद्दल बोलतोच. पंधरावीस पाठ करू नका, सात-आठ पुरे. दहा-बारा शब्दांहून लांब नको, लांब ओळ परीक्षेत हमखास मोडते आणि मोडकी ओळ अवतरणचिन्हात घालणं वाईट. शब्द आठवत नसतील तर चिन्ह काढा, आशय सांगा, मार्क जात नाहीत. ओळीखाली पान क्रमांक लिहू नका, आवृत्तीगणिक पानं बदलतात. कोण, कोणाला, कधी, एवढं लिहा. तपासायची रीत सोपी आहे. मित्राला ओळ म्हणून दाखवा, त्यानं हे तीन प्रश्न विचारावेत. एकाचं जरी उत्तर अडलं, तर ती ओळ तुमच्या कामाची नाही.

एक सापळाही सांगून ठेवतो. 'न जातु कामः कामानामुपभोगेन शाम्यति' हा श्लोक कितीतरी उत्तरांत 'खांडेकर म्हणतात' असा येतो. तो महाभारतातल्या ययातीचा आहे, आदिपर्वातला. अर्थ असा की उपभोगानं वासना शमत नाही, तुपानं आग वाढावी तशी वाढते. वापरा जरूर, पण मूळ कथेतला म्हणून वापरा आणि कादंबरी त्यापासून कुठे वळते ते दाखवा. गाइडमधल्या ओळी तर पुस्तकात शोधून सापडल्याशिवाय हात लावू नका.

चौथं पान आशयसूत्रांचं. इथे 'भोगवाद', 'त्याग' असे एकेक शब्द लिहिले की पान भरतं, पण त्यावर उत्तर लिहिता येत नाही. सूत्र म्हणजे वाद असावा. ययातीचा थोरला भाऊ यति शरीर झिडकारून रानात जातो. ययाति शरीराच्या मागे धावतो. दोघं एकाच बापाचे, नहुषाचे, ज्याची मुलं सुखी होणार नाहीत असा शाप आहे. कच या दोघांच्या मधला रस्ता चालू पाहतो. 'शरीर नाकारूनही आणि शरीराला शरण जाऊनही दोघे भाऊ दुःखीच राहतात', असं एक वाक्य झालं की खाली दोन्ही भावांचे प्रसंग आणि एकेक अवतरण लिहा. प्रश्न कसाही फिरवून आला, तरी हा वाद उपयोगी पडतो.

शर्मिष्ठेचं पान मुद्दाम सोडलंय. राजकन्या, दासी, पुरुची आई. तिच्या डाव्या बाजूला काय लिहायचं ते घरून भरून आणा, आणि शनिवारी पान दाखवा, पुस्तक नको.