बादली, ओटा आणि सर्व्हिस रोड

नमस्कार श्रोतेहो. ठाण्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणा. मानपाड्याला, घोडबंदर रोडला लागून. धाकटी दीड वर्षाची, मधला पाच वर्षांचा, मोठी आठ वर्षांची. आई तिघांनाही एकच वाक्य सांगते, "जपून हं!" या वाक्याचा तिघांपैकी कुणालाच फारसा उपयोग होत नाही. का होत नाही, ते आज बोलूया.

आधी धाकटी. उद्या पाणी बंद, म्हणून आज बाथरूममध्ये बादल्या आणि पिंप भरून ठेवलंय. दीड वर्षाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. ती बादलीतला मग घ्यायला वाकली की तोल जातो आणि डोकं खाली जातं. हातांत उलट रेटा देऊन वर यायची ताकद नसते. अर्धी भरलेली बादलीही इतकी जड असते की कलंडून पाणी सांडत नाही. बुडायला तीन-चार बोटं पाणीही पुरतं. आणि हे सगळं आवाज न होता घडतं. किंचाळणं नाही, फारसं पाणी उडणं नाही. म्हणून "काही झालं तर ओरडेल" यावर विसंबू नका. या वयाला सूचना देऊन भागत नाही. "नाही" हा शब्द तिला कळतो, पण बादली दिसली की तो तिच्या लक्षात राहत नाही. तेव्हा व्यवस्था बदलायची. पिंपाला घट्ट झाकण, वापर झाला की बादली रिकामी करून पालथी, आणि बाथरूमला बाहेरून, तिचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर कडी. अंघोळ घालताना फोन वाजला तर वाजू द्या, किंवा तिला उचलून सोबत न्या. मोठीला "जरा बघ गं हिच्याकडे" म्हणून जाऊ नका. आठ वर्षांच्या मुलीवर ती जबाबदारी टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

पाच वर्षांच्या मधल्याला नियम कळतो, पण तो डोळ्यांना दिसला पाहिजे. "गॅसपाशी जाऊ नको" यातलं "पाशी" म्हणजे किती? त्याला ठरवता येत नाही. ओट्यापासून दोन-अडीच हात अंतरावर फरशीवर रंगीत चिकटपट्टी लावा. गॅस पेटला की पट्टीच्या अलीकडे थांबायचं, एवढंच. तो पाळतोही, आणि आपण विसरलो तर आपल्याला टोकतो! धाकटीला मात्र पट्टीनं काही फरक पडत नाही. तिच्यासाठी कढईचा दांडा आत वळवा आणि चहाचा कप टेबलाच्या मध्यभागी ठेवा. ओतून दहा-पंधरा मिनिटं झालेला चहाही तिची कोवळी कातडी भाजू शकतो. भाजलंच, तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. मोठा भाग भाजला असेल किंवा चेहऱ्यावर भाजलं असेल, तर लगेच दवाखाना गाठा.

आता मोठी. शाळेची बस सर्व्हिस रोडच्या पलीकडे थांबते आणि ती म्हणते, "मी एकटी जाते ना." तिला नियम तोंडपाठ आहेत. अडचण वेगळीच आहे. या वयाची मुलं गाडी किती लांब आहे ते पाहतात, ती किती वेगात येतेय ते त्यांना नीट जोखता येत नाही. जवळचा हळू चाललेला टेम्पो पाहून ती थांबेल, आणि लांबून भरधाव येणारी मोटारसायकल "अजून लांब आहे" म्हणून पाऊल टाकेल.

हे घरी बसून शिकवता येत नाही. तिचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभे राहा आणि विचारा, "आत्ता निघायचं का?" ती "हो" म्हणाली तरी निघू नका. दोघं मिळून बघा, तेवढ्या वेळात गाडी कुठवर आली. असं रोज थोडं करा. सर्व्हिस रोडला गाड्या उलट्या बाजूनंही येतात, म्हणून दोन्हीकडे बघायचं, पलीकडे पोचेपर्यंत बघायचं. उभ्या रिक्षांच्या मधून निघायचं नाही, कारण चालकाला ती दिसतच नाही. तिचा अंदाज सलग बरोबर येईपर्यंत हात सोडू नका. बहुतेक मुलांना त्यासाठी आणखी काही वर्षं लागतात.

शेजारचा तेरा वर्षांचा मुलगा मात्र मित्रांबरोबर येऊरच्या ओढ्यावर जायचं ठरवतोय. त्याला कारण सांगा, त्याला ते कळतं. इथं ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झाला की पाणी अचानक वाढतं. आणि मित्र बुडताना दिसला तर उडी मारायची नाही. काठावर आडवं पडून बांबू किंवा ओढणी पुढे करायची, झाकण लावलेला रिकामा कॅन फेकायचा, मोठ्यानं हाका मारायच्या आणि ११२ लावायचा. हे त्याच्याकडून एकदा बोलून घ्या, आणि एका ओढणीनं घरातच करूनही बघा.