दहावीनंतर लवकर कमाई हवी असेल तर

नमस्कार श्रोतेहो.

दहावीचा निकाल लागला की आमच्या नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींकडे पालकांची एकच विचारणा सुरू होते. "मुलगा हुशार आहे, पण घरात पाच-सहा वर्षं थांबायची ऐपत नाही. डिग्रीला पाठवू, डिप्लोमाला पाठवू की आयटीआयला?" फिटर ट्रेडच्या मुलांना शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. आजचं बोलणं मी फक्त अशा घरांसाठी ठेवणार आहे, जिथे मुलाच्या हातात लवकर पैसे यायला हवेत. ज्यांना थांबणं परवडतं त्यांचा हिशेब वेगळा असतो.

आधी वर्षं मोजू या. अकरावी-बारावी करून इंजिनिअरिंगची पदवी घ्यायची तर दोन अधिक चार, म्हणजे दहावीनंतर सहा वर्षं लागतात. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, तर तीन अधिक तीन, तीही सहाच वर्षं. दोन वर्षांचा आयटीआय केला, तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेला आणि पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तर दोन अधिक दोन अधिक तीन, म्हणजे सात. फरक एका वर्षाचा पडतो. आयटीआयला गेला म्हणजे पोराची डिग्री बुडाली, असं जे आपल्याकडे सर्रास बोललं जातं, त्याला या हिशेबात आधार सापडत नाही. मधल्या थांब्यावर उतरून कमावता येतं की नाही, हा खरा फरक आहे. बारावी सायन्स झालेल्या मुलाला त्या टप्प्यावर कारखान्यात हेल्परचंच काम मिळतं. डिप्लोमावाला किंवा आयटीआयवाला मात्र आपलं प्रमाणपत्र दाखवून कारागीर म्हणून दारात उभा राहतो.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. सिन्नर तालुक्यातला मुलगा, दहावीला ६२ टक्के, गणित बरं. वडील कांद्याच्या मार्केटात हमाली करायचे, आता पाठीच्या दुखण्यामुळे रोज जाणं होत नाही. धाकटी बहीण आठवीत. आईचं म्हणणं, "दोन-तीन वर्षं कशीतरी ढकलू, त्यापुढे नाही."

अशा वेळी घरचे सहसा सगळ्यात छोटा कोर्स शोधतात. वेल्डर ट्रेड एका वर्षाचा आहे, मग तोच घेऊ, वर्षभरात कमाई चालू. मी इथे हात धरून थांबवतो, आणि कारण अगदी साधं आहे. दहावी पास होताना मूल साधारण सोळाचं असतं. एका वर्षाचा ट्रेड संपला तेव्हा ते सतराचं होतं. अठरा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात यंत्रावर लावायला कायद्याच्या बऱ्याच अटी आहेत, त्यामुळे कंपन्यांचं मनुष्यबळ खातं सरळ अठरा पूर्ण मागतं. पोरगं सर्टिफिकेट घेऊन घरी बसतं, नाहीतर गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात मिळेल त्या मजुरीवर राबतं. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत. ते पुरे होतात तेव्हा वयही अठराच्या आसपास येतं. म्हणजे एक वर्ष वाचवायला गेलो आणि प्रत्यक्षात काहीच वाचलं नाही. शिवाय दोन वर्षांच्या आयटीआयनंतरच डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचं दार उघडतं, एका वर्षाच्या ट्रेडला ते मिळत नाही. वेल्डिंगची मनापासून आवड असेल तर जरूर घ्यावं, हात बसला की त्या कामाला मरण नाही. पण केवळ लवकर संपतं म्हणून घेऊ नये.

तर आपल्या मुलाने फिटर घेतला असं धरू. दोन वर्षं संपल्यावर तो शिकाऊ उमेदवारीला लागतो, ज्याला आपण अप्रेंटिस म्हणतो. आयटीआय पास मुलासाठी बहुतेक ट्रेडला ती एका वर्षाची असते. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्याला महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं, डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला ९,०००. कंपनी यापेक्षा जास्त देऊ शकते, कमी नाही. या किमान आकड्यानेच धरलं तर तिसऱ्या वर्षी घरात ८४,००० रुपये येतात. तोच मुलगा दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेला असता तर तिसरं वर्षही फी आणि बसभाड्यात गेलं असतं, आणि त्याचं विद्यावेतन चौथ्या वर्षी सुरू झालं असतं.

पण ७,००० रुपयांत घर चालत नाही, हे मी कोणापासून लपवत नाही. सिन्नरचा मुलगा अंबडला खोली करून राहिला, मेसला जेवला, तर महिनाअखेरीला घरी पाठवायला हाती फारसं उरणार नाही. म्हणून अप्रेंटिसशिप शोधताना घराजवळची वसाहत आधी बघावी. त्याच्यासाठी मुसळगाव आणि माळेगाव, दिंडोरी-निफाडकडच्या मुलाला ओझर, इगतपुरीकडच्याला गोंदे. घरून डबा नेता आला तर ते सात हजार खऱ्या अर्थाने घरात येतात.

आता श्रोतेहो, जिथे सगळ्यात जास्त मुलं फसतात तिथे येतो.

आयटीआयचा निकाल लागला की वसाहतीत ठेकेदारांची माणसं फिरू लागतात. "ट्रेनी म्हणून लाव, महिना अमुक देतो, वर्षभराने पर्मनंट." मुलगा खूश, घर खूश. वर्ष संपतं, ठेकेदार बदलतो, आणि हातात कागद काहीच नसतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने असं दीड वर्ष प्रेस मशीनवर काढलं. काम चोख करायचा. पुढे सरकारी भरतीला अर्ज भरताना अप्रेंटिसशिपच्या रकान्यात लिहायला त्याच्याकडे काही नव्हतं. ते दीड वर्ष कागदावर झालंच नव्हतं.

खरी शिकाऊ उमेदवारी ओळखायची कशी? तिचा करार apprenticeshipindia.gov.in या सरकारी पोर्टलवर नोंदलेला असतो आणि त्याला क्रमांक असतो. मुलगा अठराच्या आत असेल तर करारावर पालकाची सही लागते. विद्यावेतन बँक खात्यात जमा होतं, पाकिटातून हातात मिळत नाही. शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. रुजू होण्याच्या दिवशीच विचारा, "साहेब, करार क्रमांक कधी मिळेल?" उत्तर गोलमोल आलं तर ती शिकाऊ उमेदवारी नाही, ती हंगामी मजुरी आहे. गरज असेल तर तीही करावी, पण काय करतोय ते ठाऊक असावं. आणखी एक, तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ठरावीक प्रमाणात अप्रेंटिस घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तुम्ही उपकार मागायला जात नाही आहात. मात्र वर्ष संपल्यावर नोकरीत घेणं कंपनीवर बंधनकारक नाही, आणि त्या वर्षात भविष्यनिर्वाह निधीही कापला जात नाही. घरच्यांनी हे आधीच धरून चालावं.

कंपनीत निवड कशावर होते, तेही सांगतो, कारण टक्क्यांवर होते असं मुलांना वाटतं. टेबलावर एक व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, आणि एक जॉब, म्हणजे घडवलेला लोखंडी तुकडा, ठेवतात. "माप सांग." मुख्य पट्टीवर २४ मिलिमीटर दिसतात, आणि सरकत्या पट्टीची सतरावी रेघ वरच्या रेघेशी जुळते. लघुत्तम माप ०.०२, म्हणून सतरा गुणिले ०.०२, म्हणजे ०.३४. माप आलं २४.३४ मिलिमीटर. हे दहा सेकंदांत सांगणारा मुलगा पुढच्या खोलीत जातो. मग एक साधं ड्रॉइंग समोर येतं आणि या भोकाला टॉलरन्स किती, म्हणजे मापात किती कमी-जास्त चालेल, असं विचारतात. एवढ्यावर निम्मी मुलं गळतात, कारण दोन वर्षं त्यांनी जर्नल उतरवलेलं असतं आणि कानशीला मात्र हात लावलेला नसतो. त्यामुळे आयटीआय निवडताना इमारत बघू नका, वर्कशॉपमध्ये जा. किती लेथ चालू आहेत, एका व्हाइसवर किती मुलं उभी आहेत, बाकाखाली ताजा लोखंडी किस पडलाय की धूळ, हे पाहा. खासगी संस्था असेल तर तुमच्या ट्रेडला केंद्राची संलग्नता आहे ना, याची खात्री करून घ्या. संस्था संलग्न असते आणि एखादा ट्रेड नसतो, असंही घडतं.

अप्रेंटिसशिप झाली. आता आपल्या मुलाला पुढे दोन वाटा आहेत. एक, नोकरी. महावितरणच्या विद्युत सहायक पदासाठी इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन लागतो, रेल्वेत तंत्रज्ञ पदासाठी, नाशिकरोडच्या सरकारी छपाईच्या प्रेसमध्ये कनिष्ठ तंत्रज्ञासाठी आयटीआय चालतो. पण शिडीची उंचीही इथेच कळते. कनिष्ठ अभियंता व्हायचं तर डिप्लोमा हवाच. खासगी कारखान्यातसुद्धा आयटीआयवाला मशीनवर असतो आणि सुपरवायझरच्या खुर्चीत सहसा डिप्लोमावाला. पस्तिशीनंतर तीन पाळ्यांत उभं राहून गुडघे बोलू लागले की हा फरक अंगाला लागतो.

म्हणून दुसरी वाट, डिप्लोमाचं थेट दुसरं वर्ष. दहावीला गणित, विज्ञान, इंग्रजी असलेल्या मुलाला ती मिळते. सामनगावच्या शासकीय पॉलिटेक्निकमध्ये किंवा खासगी संस्थेत. इथे मात्र आमची मुलं पहिल्या सत्रात गणिताला अडखळतात. पॉलिटेक्निकच्या मुलांनी पहिल्या वर्षात त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, विकलन केलेलं असतं, आयटीआयवाल्याने ते तेवढं केलेलं नसतं, आणि दुसऱ्या वर्षाचे विषय त्याच्यावरच उभे असतात. हात उत्तम चालणारी मुलं स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्समध्ये नापास होऊन परत मशीनवर येताना मी पाहिली आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येतं. अप्रेंटिसशिपच्या वर्षात रविवारी दोन तास पहिल्या वर्षाचं गणिताचं पुस्तक सोडवलं तरी पुष्कळ होतं.

ज्याला कारखान्यात टिकायचंच आहे पण बारावीचा शिक्का हवा, त्याला दोन वर्षांच्या आयटीआयनंतर राज्य मंडळाची भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते. तिच्यावर आपल्या गंगापूर रस्त्यावरच्या मुक्त विद्यापीठातून नोकरी करत पदवी घेता येते.

शेवटी या आठवड्याचं काम. आयटीआयचे अर्ज ऑनलाइन भरले जातात, पॉलिटेक्निकचे वेगळे. दोन्ही भरा, एक भरला म्हणून दुसरा बाद होत नाही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि लागत असेल तर नॉन-क्रीमी लेअर, हे सेतू केंद्रात आजच टाका, कारण निकालानंतर तिथे रांग दाराबाहेर जाते. आणि विकल्प भरताना घराजवळच्या संस्थेच्या आधी, ज्या संस्थेच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही स्वतः जाऊन आलात तिचं नाव टाका.