शंभर शब्दांचे एक वाक्य आणि हातातला फोन

(रत्नागिरी जिल्ह्यातील मच्छीमार सहकारी सोसायट्यांच्या सचिवांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सचिव मंडळी, नमस्कार. मी मुद्रितशोधनाचे काम करते आणि गेली काही वर्षे किनाऱ्यावरच्या दोन-तीन सोसायट्यांच्या सूचना फोनवर पाठवण्याआधी वाचून नीट करून देते. आज मला एकाच सूचनेबद्दल बोलायचे आहे. ती तुमच्यापैकी कोणाचीही असू शकेल, म्हणून सोसायटीचे नाव घेत नाही. मे महिन्यात ती सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आली ती अशी:

«सर्व सभासदांना कळविण्यात येते की, शासनाच्या आदेशानुसार दिनांक १ जून ते ३१ जुलै या कालावधीत यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असल्याने सर्व नौकामालकांनी आपल्या नौका ३१ मे रोजी रात्री बारापूर्वी बंदरात आणाव्यात व नौका ओढून घेण्यासाठी क्रेनची व्यवस्था करण्यात आली असून त्यासाठी २८ मेपर्यंत कार्यालयात नाव नोंदवावे, तसेच ज्या सभासदांचा परवाना वा विमा यांची मुदत जूनमध्ये संपत आहे त्यांनी नूतनीकरणासाठी मूळ नोंदणीपत्र, मागील वर्षाचा परवाना व आधारकार्डाची प्रत घेऊन २९ मे रोजी सकाळी दहा ते एक या वेळेत कार्यालयात उपस्थित राहावे आणि वार्षिक सभा दिनांक ७ जून रोजी दुपारी चार वाजता असून सर्वांनी उपस्थित राहावे, उशिरा येणाऱ्यांचे अर्ज स्वीकारले जाणार नाहीत याची नोंद घ्यावी.»

व्याकरणात इथे काहीही चुकलेले नाही. कागदावर एका ओळीत दहा-बारा शब्द मावतात, त्यामुळे फलकावर लावलेल्या कागदावर हा मजकूर आठ-नऊ ओळींत संपतो आणि डोळ्याला तो भारी वाटत नाही. फोनवर मात्र एका ओळीत जेमतेम पाच शब्द बसतात. तोच मजकूर तिथे वीस ओळींचा होतो, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी अक्षर मोठे करून ठेवले असेल तर तीसच्या आसपास जातो. जेटीवर उन्हात उभा असलेला तांडेल एका हातात दोर धरून दुसऱ्या हाताने हे वाचत असतो. मध्येच कोणी हाक मारली आणि त्याने नजर वर उचलली, तर परत येताना आपण कोणत्या ओळीवर होतो हे त्याला सापडत नाही, कारण वीसही ओळी सारख्याच दिसतात.

ही अडचण मराठीत थोडी जास्तच जाणवते, आणि तिची कारणे आपल्या लिपीत व वाक्यरचनेत आहेत. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेद नाही, त्यामुळे नवे वाक्य कुठे सुरू झाले हे अक्षराच्या आकारावरून कळत नाही. वाक्य संपल्याची खूण म्हणजे एक बारीक टिंब, आणि अनुस्वाराच्या टिंबांनी भरलेल्या मजकुरात ते सहज हरवते. दुसरे म्हणजे आपले क्रियापद शेवटी येते. «ज्या सभासदांचा परवाना वा विमा यांची मुदत» इथून वाचायला लागले, तर «कार्यालयात उपस्थित राहावे» इथपर्यंत, म्हणजे तीसपेक्षा जास्त शब्द, वाचणाऱ्याला सगळे मनात धरून ठेवावे लागते आणि त्यानंतरच आपण काय करायचे ते कळते. म्हणून केवळ एंटर दाबून ओळी तोडल्याने काम भागत नाही. आधी वाक्य तोडावे लागते आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचे क्रियापद द्यावे लागते.

मी सुरुवात कागद-पेन्सिलने करते. मजकुरातल्या प्रत्येक «आणावे, नोंदवावे, राहावे» खाली रेघ मारते आणि प्रत्येक रेघेपाशी तीन गोष्टी लिहिते: कोणी, कधी, कुठे. या सूचनेत चार कामे निघाली. नौका आणणे हे यांत्रिक नौका असलेल्या सर्वांचे काम. क्रेनसाठी नाव देणे हे फक्त ज्यांना क्रेन हवी त्यांचे. कागदपत्रे घेऊन येणे हे फक्त ज्यांची मुदत जूनमध्ये संपते त्यांचे. सभा सर्वांची. हे लिहिताना सूचनेतल्या दोन उणिवा उघड्या पडल्या. सभा कुठे आहे हे कुठेच सांगितलेले नव्हते. आणि «उशिरा येणाऱ्यांचे अर्ज» हे शेवटचे वाक्य सभेला चिकटले होते, प्रत्यक्षात ते नूतनीकरणाबद्दल होते. लांब वाक्यात «आणि», «तसेच», «असून» यांच्या आड अशा गोष्टी लपून राहतात. मी सचिवांना फोन करून दोन्ही विचारून घेतले. मांडणी बदलण्याच्या आधी हा फोन करावाच लागतो, नाहीतर आपण चूकच सुबक करून पाठवतो.

आता माझ्याकडून झालेली एक चूक सांगते, कारण बुलेटच्या बाबतीत हीच चूक मला सगळीकडे दिसते. पहिल्या वर्षी अशीच एक सूचना मी घेतली आणि तिच्या प्रत्येक तुकड्याआधी आडवी रेघ टाकली. नऊ रेघा झाल्या. दिसायला ती मोकळी होती. पण «जूनमध्ये मुदत संपत असल्यास» ही अट एका रेघेत गेली आणि «२९ मे, सकाळी दहा ते एक» ही वेळ दुसऱ्या रेघेत. लोकांनी वेळेची ओळ पाहिली आणि ज्यांचा परवाना आणखी वर्षभर चालणार होता तेही कागद घेऊन रांगेत येऊन उभे राहिले. एकाने मासळी उतरवायचे सोडून अर्धा दिवस घालवला होता. त्याचे मला आजही वाईट वाटते. बुलेटमधली प्रत्येक ओळ स्वतंत्र आहे असे वाचणारा धरून चालतो. म्हणून «जर असे असेल तर असे करा» हे नाते बुलेटांत कधीही तोडू नये, ते एका छोट्या परिच्छेदातच ठेवावे. बुलेट फक्त एकसारख्या, सुट्या, क्रम बदलला तरी चालेल अशा गोष्टींना द्यावेत. या सूचनेत अशी जागा एकच आहे: सोबत आणायची तीन कागदपत्रे. घरातून निघताना माणूस तिथे एकेक ओळीवर बोट ठेवून पिशवी तपासू शकतो.

नीट केलेली सूचना अशी झाली:

```
*३१ मेच्या रात्री बारापूर्वी नौका बंदरात आणा.*
१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी आहे.

*क्रेन हवी असल्यास*
२८ मेपर्यंत कार्यालयात नाव नोंदवा.

*परवाना किंवा विमा जूनमध्ये संपत असल्यास*
२९ मे रोजी सकाळी १० ते १ या वेळेत कार्यालयात या.
सोबत आणा:
- मूळ नोंदणीपत्र
- मागील वर्षाचा परवाना
- आधारकार्डाची प्रत

दुपारी १ नंतर अर्ज घेतले जाणार नाहीत.
```

सभा यातून मुद्दाम काढली आणि तिचा निरोप ठिकाणासह वेगळा पाठवला. कागदावर चार विषय एकत्र चालतात, कारण कागद एकदाच चिकटवायचा असतो. फोनवर लोक निरोप पुढे पाठवतात आणि त्याखाली उत्तर देतात. सभेला येणार का, या प्रश्नाचे उत्तर क्रेनच्या सूचनेखाली आले की दोन्ही चर्चा एकमेकींत अडकतात.

पहिल्या ओळीवर मी सर्वात जास्त वेळ घालवते. फोन कुलूपबंद असताना वरच्या पट्टीवर निरोपाची सुरुवातच तेवढी दिसते. मूळ सूचनेत तिथे «सर्व सभासदांना कळविण्यात येते की» हे शब्द होते, म्हणजे पट्टी पाहणाऱ्याला काहीच कळत नव्हते. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप फार लांब निरोप मध्येच तोडून उरलेला भाग «रीड मोअर»च्या मागे ठेवते. मग तारीख शेवटी असली तर ती दिसण्यासाठी वाचणाऱ्याला आधी तिथे बोट लावावे लागते. २८ मे ही तारीख ३१ मेच्या आधी येते, तर तीच वर का नाही, असे एका सचिवांनी मला विचारले होते. प्रश्न रास्त आहे. क्रेन मोजक्या लोकांना हवी होती आणि नौका जवळजवळ सर्वांनाच आणायची होती, म्हणून मी सर्वांचे काम वर ठेवले. सर्वांनाच क्रेन लागणार असती, तर मी क्रम उलटा केला असता.

चिन्हांबद्दल थोडक्यात सांगते. ठळक अक्षरासाठी तारा शब्दाला चिकटून हवा, सुरुवातीलाही आणि शेवटीही. तारा आणि शब्द यांच्यात जागा सुटली तर अक्षर ठळक होत नाही; उलट ओळीच्या आरंभी तारा आणि मग जागा असेल तर व्हॉट्सअ‍ॅप २०२४पासून तिथे बुलेट काढते. रेघेचा बुलेट हवा असेल तर ओळीच्या अगदी सुरुवातीला रेघ, मग एक जागा, मग मजकूर. एका सूचनेत तीन-चारपेक्षा जास्त ओळी ठळक करू नयेत, कारण सगळेच ठळक झाले की आपण परत वीस सारख्या ओळींवर येतो. रंगीत चित्रचिन्हे बुलेट म्हणून वापरू नका, असे मी आग्रहाने सांगते. ज्यांना कमी दिसते ते फोनकडून निरोप वाचून घेतात, आणि फोन प्रत्येक चित्राचे नाव मोठ्याने उच्चारतो.

एक दोष मात्र ओळखायला सोपा आणि फार पसरलेला आहे. पीडीएफमधून मजकूर उचलून चिकटवला की कागदावरच्या ओळी जिथे संपत होत्या तिथे एंटर तसेच राहतात. फोनवर मग एक ओळ पूर्ण, दुसरी दोन शब्दांची, पुन्हा एक पूर्ण, अशी दातेरी मांडणी दिसते. ते एंटर हाताने काढावे लागतात. त्याच कारणाने जागा टाकून रकाने जुळवू नयेत; तुमच्या फोनवर जुळलेले रकाने मोठ्या अक्षराच्या फोनवर विस्कटतात. पाठवण्याआधी निरोप स्वतःलाच पाठवून, अक्षराचा आकार सर्वात मोठा करून एकदा वाचला की हे सगळे दिसते.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना एसएमएस जातो आणि तिथे हिशेब वेगळा आहे. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हे मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र मोजली जातात. «नौका» हा दोन अक्षरांचा शब्द चार चिन्हे खातो. आपल्या सूचनेची पहिली ओळ तारे वगळून ४४ चिन्हांची आहे, म्हणून ती एकटी जाऊ शकते. ठळक अक्षर तिथे नसते, तारे तसेच उमटतात, तेव्हा ते काढून टाकावेत.

शेवटी तुमच्यातल्या एका ज्येष्ठ सचिवांच्या शंकेबद्दल. आदेशाचा संदर्भ काढून टाकला तर सूचनेला अधिकृतपणा राहतो का, असे त्यांनी विचारले. ती शंका खरी आहे, आणि म्हणून मूळ सूचना पूर्ण शब्दांत, जावक क्रमांक आणि सहीसह फलकावर राहिलीच पाहिजे. उद्या वाद झाला तर तोच कागद दाखवायचा आहे. फोनवरच्या निरोपाच्या तळाशी एक ओळ घालावी: «पूर्ण सूचना कार्यालयाच्या फलकावर लावली आहे.» ज्याला संदर्भ पाहायचा आहे तो तिथे जाऊन पाहील, आणि ज्याला ३१ तारखेला नौका आणायची आहे त्याला ती तारीख पट्टीवरच दिसलेली असेल.