सव्वा अकरा कोटी: कानाला कळणारे आकडे

मंडळी, व्यासपीठावरून आकडे कसे सांगावेत या आजच्या बोलण्यासाठी मी एकच तक्ता घेतला आहे, २०११ च्या जनगणनेतला महाराष्ट्राचा. एकच तक्ता असला की आपल्याला तो नीट उलगडता येईल. या तक्त्याची पहिली ओळ अशी आहे: महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३. त्याखाली शहरी ५,०८,१८,२५९ आणि ग्रामीण ६,१५,५६,०७४. तुलनेला २००१ चा आकडा आहे, ९,६८,७८,६२७.

डोळ्यांना यात काही त्रास नाही. डोळा मागे जातो, वर जातो, स्वल्पविराम मोजतो. कानाला मागे जाता येत नाही. वक्ता म्हणतो, "अकरा कोटी तेवीस लाख चौऱ्याहत्तर हजार तीनशे तेहतीस", आणि ऐकणारा 'चौऱ्याहत्तर' शब्दाशी झटत असतानाच 'तीनशे तेहतीस' निघून जातं. शेवटी त्याच्या हातात राहतं ते 'तेहतीस', म्हणजे त्या आकड्यातला सगळ्यात निरुपयोगी तुकडा.

मराठीत ही अडचण जरा जास्तच आहे. आपण एकक आधी म्हणतो आणि दशक नंतर. 'चौऱ्याहत्तर' ऐकताना चार आधी येतात, सत्तर मागून. पुन्हा चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव हे तिघे भाऊ सुरुवातीला एकसारखेच दिसतात आणि फरक शेवटच्या अक्षरांत असतो. सभागृहात पंख्याचा आवाज असेल, माइक घुमत असेल, तर नेमकी तीच अक्षरं विरतात. 'एकोण'चं तर विचारू नका. एकोणऐंशी म्हणताना सुरुवात गिळली गेली की समोरच्याच्या वहीत सरळ ऐंशी लिहिलं जातं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा मोठा वाद झाला. त्या वादात मी शिरत नाही, पण ज्या दुखण्यावर तो उपाय सुचवला होता ते दुखणं व्याख्यानाच्या व्यासपीठावर रोज भेटतं.

पण ज्या भाषेत हे दुखणं आहे, त्याच भाषेत औषधही आहे. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन. पावापावाने मोजायचे इतके सुटसुटीत शब्द आपल्याकडे तयार आहेत, तरी आपण व्यासपीठावर चढलो की "अकरा पॉइंट चोवीस" म्हणतो. आकडा सगळ्यात जवळच्या पावावर नेऊन ठेवा. ११.२४ कोटी म्हणजे सव्वा अकरा कोटी. ९.६९ कोटी म्हणजे पावणेदहा कोटी. पहिल्यात चूक हजारात एकाच्या आसपास, दुसऱ्यात हजारात सहा-सात. बोलण्यासाठी ही चूक काहीच नाही.

आता गंमत बघा. पावणेदहावरून सव्वा अकरा, म्हणजे दहा वर्षांत दीड कोटींची भर. खरी भर १ कोटी ५५ लाखांच्या थोडी खाली आहे. म्हणजे ऐकणाऱ्याने मनातल्या मनात वजाबाकी केली तरी तो योग्य जागी पोचतो. आणि तो ती करतोच, हे धरून चाला. तुम्ही दोन आकडे शेजारी ठेवलेत की समोरची निम्मी माणसं वजाबाकी करत असतात.

म्हणून गोल करायचं ते सगळे आकडे एका मापाने. कोणी २००१ चा आकडा खाली ओढून 'साडेनऊ' केला आणि २०११ चा वर ढकलून 'साडेअकरा' केला, तर वाढ दोन कोटी होते. दोन्ही वेळा "सुमारे" म्हटलं, प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर खोटा नाही, तरी वाढ जवळपास तीस टक्क्यांनी फुगली. हे मुद्दाम होतं तसंच घाईतही होतं. ओळखायची खूण सोपी: मूळ आकड्यांची वजाबाकी आधी कागदावर करा आणि गोल आकड्यांच्या वजाबाकीशी ताडून पाहा.

बेरजेचंही तसंच. "शहरात पाच कोटी, खेड्यात सहा कोटी, एकूण सव्वा अकरा." लगेच मागच्या रांगेतून कोणीतरी विचारतो, उरलेले पंचवीस लाख कुठे गेले? इथे शहर आणि खेडं पूर्ण कोटीवर नेलं आणि एकूण मात्र पावावर ठेवलं. सगळे पावावर न्या. शहरात पाच, खेड्यात सव्वासहा, एकूण सव्वा अकरा. बेरीज जुळली, शंका संपली. प्रत्येक तक्त्यात इतकं छान जुळेलच असं नाही. जुळलं नाही तर तिन्हींपैकी एक आकडा बोलूच नका. दोन सांगितले की तिसरा लोक काढतात.

एक सावधगिरी. इंग्रजी माध्यमातून आलेल्या तरुण मंडळींना 'पावणे' चटकन उमगत नाही. म्हणून पहिल्यांदा म्हणताना शेपूट जोडा: "पावणेदहा कोटी, म्हणजे दहा कोटींना पंचवीस लाख कमी." एकदाच. पुढे नुसतं पावणेदहा.

आता गोल कधी करू नये ते. याच जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या मुलांची नोंद आहे. महाराष्ट्रात दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४. दोन्ही गोल करून 'नऊशे' म्हटलं की बातमीच मेली. इथे सांगायचं आहे ते मुळी त्या एकोणीसच्या घसरणीतच आहे. पण '९१३ आणि ८९४' तसे वाचले तरी कानाला दोन सुटे आकडे ऐकू येतात, घसरण ऐकू येत नाही. अशा वेळी आकड्याऐवजी तूट सांगा. "शंभर मुलग्यांमागे नऊ मुली कमी होत्या. दहा वर्षांनी अकरा कमी झाल्या." मोठे आकडे बाजूला गेले, नऊ आणि अकरा उरले, आणि फरक जिवंत राहिला. नियम असाच धरा: गोल करण्याचं माप, दाखवायच्या फरकापेक्षा बरंच बारीक हवं.

तुलनेकडे येऊ. २०१० च्या जनगणनेत मेक्सिकोची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांच्या वर होती. महाराष्ट्राच्या इतकी जवळ की तक्ता करणाऱ्याला मोह आवरत नाही. "महाराष्ट्र म्हणजे अख्खा मेक्सिको!" पण साताऱ्याच्या सभागृहात मेक्सिको किती मोठा हे कोणाला ठाऊक आहे? एका अनोळखी वस्तूची तुलना दुसऱ्या अनोळखी वस्तूशी झाली. तुलनेचं माप ऐकणाऱ्याच्या घरचं हवं. देशातल्या दर अकरा माणसांत एक महाराष्ट्रातला, हे चालतं, कारण अकरा माणसं डोळ्यांपुढे उभी राहतात. क्रिकेटचा संघच झाला तो.

घनता हे तुलनेचं सगळ्यात चांगलं उदाहरण. तक्ता म्हणतो, दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसं, दहा वर्षांपूर्वी ३१५. चौरस किलोमीटर कोणी पाहिला आहे? एकर मात्र शेतकऱ्याच्या पायाखालचा. एका चौरस किलोमीटरमध्ये साधारण २४७ एकर बसतात. ३६५ ला २४७ ने भागलं की दीडच्या किंचित आत, ३१५ ला भागलं की सव्वाच्या किंचित वर. म्हणजे वाक्य असं होतं: "एकरी सव्वा माणूस होता, दहा वर्षांनी एकरी दीड झाला." पुढे एवढंच जोडा की ही मुंबई आणि मेळघाट एकत्र धरून काढलेली सरासरी आहे, नाहीतर मेळघाटातला माणूस हसेल आणि बरोबरच हसेल.

तुलना करताना पाया बदलला की कान हरवतो, ही चूक जाणत्यांकडूनही होते. स्त्रियांची साक्षरता २००१ मध्ये ६७ टक्के होती, २०११ मध्ये ७६ टक्क्यांजवळ. सोपं करायला एखादा म्हणतो, "तिघींतल्या दोघी साक्षर होत्या, दहा वर्षांनी चौघींतल्या तिघी." दोन्ही विधानं बरोबर, ऐकायला गोड, आणि वाढ किती झाली ते कोणालाच कळत नाही, कारण तीन आणि चार हे वेगवेगळे पाये आहेत. दोन्हींना चालेल असा पाया शोधा. तीन आणि चार दोघांनाही बारा चालतात. "बारा जणींत आठ जणींना लिहिता-वाचता येत होतं. दहा वर्षांनी नऊ जणींना येऊ लागलं." एक जण वाढली. दहा वर्षांत, बारांत एक. हे ऐकून कोणी खूश होईल, कोणी खट्टू, पण आकडा सगळ्यांना सारखाच कळतो. (ही साक्षरता सात वर्षांपुढच्यांची असते, हे कागदावर असू द्या.)

उरलं पुन्हा म्हणणं. शाळेत निबंधाला शिकवलेलं असतं की तोच शब्द पुन्हा वापरू नये. आकड्यांच्या बाबतीत ते विसरा. एकदा 'सव्वा अकरा कोटी' म्हटलं की पुढे तेच. मध्येच 'अकराशे पंचवीस लाख', मध्येच 'एकशे बारा दशलक्ष' असं केलं तर ऐकणाऱ्याला वाटतं हा नवा आकडा आला. पुन्हा म्हणायच्या जागा तीन: आकडा पहिल्यांदा येतो तेव्हा, त्याचा अर्थ सांगून झाल्यावर लगेच, आणि पुढे त्याच्या आधाराने दुसरं काही सांगायचं असेल तेव्हा. पहिल्यांदा म्हटल्यावर श्वासभर थांबा. हा थांबा लिखाणातच तिरकी रेघ मारून ठेवा, कारण व्यासपीठावर तो हमखास विसरतो. "सुमारे"ही एकदाच पुरे. प्रत्येक आकड्याआधी सुमारे आलं की वक्त्यालाच खात्री नाही असं वाटतं.

हे सगळं एकत्र केलं की तक्त्याची ती ओळ अशी बोलली जाते: "महाराष्ट्रात २०११ साली सुमारे सव्वा अकरा कोटी माणसं होती. / देशातल्या अकरांत एक. / सव्वा अकरा कोटी. त्यांतले पाच कोटी शहरांत, सव्वासहा कोटी खेड्यांत. त्याच्या दहा वर्षं आधी आपण पावणेदहा कोटी होतो, म्हणजे दहा कोटींना पंचवीस लाख कमी. / पावणेदहाचे सव्वा अकरा झालो. दीड कोटी वाढले." शेपूट सोडलं तर यात सहा आकडे आहेत, आणि माझ्या मते एका दमात ही हद्द आहे. घनता, मुली, साक्षरता यांना पुढे आपापला वेगळा मुद्दा द्या. तिघांना याच परिच्छेदात कोंबलं तर दीड कोटी आणि एकरी दीड एकमेकांत मिसळतात.

आपल्या लिखाणात हे आकडे अंकांत लिहू नका, अक्षरांत लिहा: 'सव्वा अकरा कोटी'. समोर ११,२३,७४,३३३ दिसलं की जीभ ते वाचायला धावते. पूर्ण तक्ता छापून सभेनंतर वाटा, आधी वाटलात तर सगळे माना खाली घालून वाचत बसतील. निवडणुकीचा निकाल, देणं-घेणं, ठरावातली रक्कम या जागी मात्र पूर्ण आकडाच हवा. तो सावकाश, कोटी-लाख-हजार असे टप्पे पाडून दोनदा वाचा आणि कागदही द्या.

तयारी झाली की तक्ता न पाहिलेल्या एका माणसाला तो परिच्छेद ऐकवा. पाचएक मिनिटं दुसऱ्याच गप्पा मारा, मग विचारा, किती होते, किती झाले? तो "नऊ की दहा कोटी होते बहुतेक, आता अकराच्या वर" असं म्हणाला, तर पावणेदहा नीट बसलेलं नाही. त्या शब्दापाशी थांबा वाढवा, शेपूट पुन्हा जोडा, आणि दुसऱ्या कोणाला तरी ऐकवा. पहिल्या माणसाला आता उत्तर माहीत झालेलं आहे.