नसांची गोळी, अफूची गोळी आणि झोपेतला श्वास

नमस्कार श्रोतेहो.

मधुमेहामुळे तळपायांची आग होत असेल, नागीण बरी झाल्यावरही त्या जागी महिनोन्महिने ठणका राहत असेल किंवा कंबरेतली नस दबल्यामुळे पायात कळ जात असेल, तर डॉक्टर जी ‘नसांची गोळी’ लिहून देतात, तिच्यात बहुधा गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन असते. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांच्या डब्यात, ही गोळी मुकाट्याने पडलेली असते. तिच्याविषयी आज बोलायचे आहे ते एका विशिष्ट बाजूने. गेल्या काही वर्षांत इंग्लंड, अमेरिका, कॅनडा अशा देशांत ही औषधे हेरॉइन, मेथाडोन, मॉर्फिन यांसारख्या अफूवर्गीय औषधांच्या जोडीने, वैद्यकीय कारणाशिवाय घेतली जाऊ लागली, आणि त्या जोडीने अनेकांचा श्वास झोपेतच थांबला. हे का घडते, ते आपण पाहू.

गॅबापेंटिनला अमेरिकेत 1993 साली मान्यता मिळाली ती अपस्माराच्या झटक्यांसाठी. नागिणीनंतरच्या वेदनेसाठीची मान्यता 2002 मध्ये आली, आणि 2004 च्या अखेरीस प्रीगॅबालिन बाजारात यायचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर पाश्चात्त्य देशांत अफूवर्गीय वेदनाशामकांच्या व्यसनाचा प्रश्न उग्र झाला, डॉक्टरांवर ती औषधे कमी लिहिण्याचा दबाव आला, आणि वेदनेने त्रासलेला रुग्ण समोर बसलेला असताना त्याला काहीतरी द्यायला हवे, या अडचणीतून या दोन औषधांकडे हात वळू लागले. ती सौम्य मानली जात होती, त्यांची सवय लागत नाही असा समज होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 साली या दोन औषधांच्या सुमारे दहा लाख चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या होत्या. 2015 साली तो आकडा एक कोटी पाच लाखांवर पोहोचला. एवढा माल घराघरांत गेल्यावर त्यातला काही भाग शेजाऱ्याकडे, मित्राकडे आणि मग रस्त्यावरच्या विक्रेत्याकडे जाणार, हे उघड होते.

आता, हेरॉइनची सवय असलेला माणूस ही गोळी का घेतो? ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या अशा तीस जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा की, गोळी सहज मिळते आणि तिच्यामुळे हेरॉइनचा परिणाम वाढतो. याखेरीज आणखी एक कारण मला महत्त्वाचे वाटते, आणि ते बातम्यांत क्वचितच येते. अफूवर्गीय औषधाची सवय असलेल्या माणसाला, ते औषध उतरू लागले की, अस्वस्थता, निद्रानाश, अंगदुखी आणि भीती यांनी घेरलेले असते, आणि प्रीगॅबालिन त्या भीतीला व निद्रानाशाला काही काळ शांत करते. म्हणजे नशेचा शोध आणि स्वतःच स्वतःवर केलेला उपचार यांची इथे सरमिसळ झालेली असते. त्यात लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ही औषधे बहुधा शोधलीच जात नाहीत, त्यामुळे व्यसनमुक्ती केंद्रात दर आठवड्याला तपासणी होणाऱ्या माणसालाही ती सोयीची वाटतात.

धोक्याचा गाभा समजण्यासाठी श्वासाकडे वळू. आपण विचार न करता श्वास घेतो, कारण मेंदूच्या बुंध्याशी असलेल्या काही पेशी रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर सतत लक्ष ठेवून असतात. तो थोडा वाढला की त्या छातीच्या स्नायूंना आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला अधिक जोराने कामाला लावतात. अफूवर्गीय औषध याच पेशींची संवेदना बोथट करते. कार्बन डायऑक्साइड वाढत राहतो, पण हाक ऐकायला कोणी जागे नसते. सवय लागलेल्या माणसात मात्र शरीर काही अंशी जुळवून घेते, आणि नवख्या माणसाचा श्वास थांबवेल एवढ्या मात्रेतही तो श्वास घेत राहतो. या जुळवणीला वैद्यकात सहनक्षमता म्हणतात. ती त्या माणसाची ढाल असते, जरी फार भरवशाची नसली तरी.

गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन यांच्या नावांत गॅबा हे मेंदूतील रसायन डोकावत असले, तरी ती गॅबाच्या ग्राहकांवर, म्हणजे ते रसायन पेशीवर जिथे जाऊन बसते त्या जागांवर, बसत नाहीत. (नावाने फसवण्याची औषधांची ही खोड जुनी आहे.) ती चेतापेशींवरच्या कॅल्शियमच्या दारांच्या एका घटकाला चिकटतात, आणि त्यामुळे पेशींमधून संदेशवाहक रसायने कमी बाहेर पडतात. ब्रिस्टलच्या संशोधकांनी उंदरांवर जे पाहिले ते इथे निर्णायक आहे. प्रीगॅबालिनची मोठी मात्रा एकटीनेही श्वास मंदावत होती. पण मॉर्फिनची सवय लागलेल्या उंदरांना, एकटीने श्वासावर परिणाम न करणारी लहान मात्रा दिली, तेव्हाही त्यांची सहनक्षमता नाहीशी झाली आणि मॉर्फिन पुन्हा नवख्या प्राण्यासारखे त्यांचा श्वास दाबू लागले. म्हणजे ही गोळी ओझ्यावर नुसते ओझे चढवत नाही, तर ढालच काढून घेते. काल ज्या मात्रेने माणूस सुखरूप उठला, ती तीच मात्रा आज घातक ठरू शकते, आणि त्याने स्वतःच्या अफूच्या मात्रेत एका कणाचीही वाढ केलेली नसते.

माणसांतही आकडे त्याच दिशेने बोट दाखवतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2009 पूर्वी या औषधांशी संबंधित मृत्यू वर्षाकाठी एकाहूनही कमी होते; 2015 मध्ये ते 137 झाले, आणि यातल्या बहुतेकांच्या शरीरात अफूवर्गीय औषधही होते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, अफूवर्गीय औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीने घेणाऱ्या रुग्णांची पाहणी झाली. त्यांपैकी ज्यांना सोबत गॅबापेंटिन दिले होते, त्यांच्यात अफूशी संबंधित मृत्यूचा धोका सुमारे 49 टक्क्यांनी अधिक दिसला. हे नशेबाज नव्हते, वेदनेसाठी औषध घेणारे रुग्ण होते, ही गोष्ट लक्षात घ्यावी. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, संबंध दिसतो, एवढी मर्यादा मी मान्य करतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने डिसेंबर 2019 मध्ये या दोन्ही औषधांच्या माहितीपत्रकावर श्वास मंदावण्याचा इशारा घालायला लावला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटनने ती नियंत्रित औषधांच्या यादीत घेतली.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. इंग्लंडमधल्या एका शहरात पंचेचाळिशीचा एक गृहस्थ आहे. हेरॉइन सोडून तो गेली चार वर्षे मेथाडोनवर, म्हणजे हेरॉइनच्या जागी उपचार म्हणून दिल्या जाणाऱ्या अफूवर्गीय औषधावर, स्थिर आहे. रोज सकाळी औषधाच्या दुकानात, दुकानदाराच्या देखत, तो आपली ठरलेली मात्रा घेतो. पाठीच्या दुखण्याने त्याची झोप उडाली आहे, म्हणून एका मित्राने दिलेल्या प्रीगॅबालिनच्या कॅप्सूल तो गेले तीन महिने रात्री घेतो आहे. एके रात्री नऊ वाजता तो पोटभर जेवतो आणि लगेच कॅप्सूल घेतो. उपाशीपोटी प्रीगॅबालिनचा कळस सुमारे दीड तासात येतो, पण जेवणानंतर तो तीन तासांपर्यंत लांबतो. दहा वाजले तरी काही जाणवत नाही, म्हणून तो आणखी दोन कॅप्सूल घेतो आणि झोपायला जातो. मध्यरात्रीनंतर, तो गाढ झोपेत असताना, दोन्ही मात्रांचा भर एकत्र येतो, आणि सकाळचे मेथाडोन अजून रक्तात असतेच, कारण ते दिवसभराहून अधिक टिकते.

एक वाजता त्याच्या बायकोला तो मोठ्याने घोरताना ऐकू येतो. बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली आहे, झोपू दे, असे तिला वाटते. इथेच सर्वांत मोठी फसगत होते. असे जड, घशात पाणी असल्यासारखे गुरगुरणारे घोरणे शांत झोपेचे लक्षण नसते. जीभ आणि घशाचे स्नायू ढिले पडून हवेची वाट अर्धवट बंद झाल्याचा तो आवाज असतो. ती हलवते, नावाने हाक मारते, छातीच्या मधल्या हाडावर बोटांची पेरे दाबते, तरी तो डोळे उघडत नाही. ओठ निळसर आहेत, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आहेत, आणि घड्याळ लावून मोजले तेव्हा मिनिटाला जेमतेम पाच श्वास भरतात. ती रुग्णवाहिका बोलावते, त्याला कुशीवर वळवते आणि घरात ठेवलेला नॅलोक्सोनचा फवारा नाकात मारते.

काही मिनिटांत श्वास दहावर येतो, पण तो जागा होत नाही. नॅलोक्सोन अफूवर्गीय औषधाला ग्राहकांवरून दूर सारते. प्रीगॅबालिनवर त्याचा काहीही परिणाम होत नाही, आणि त्यावर कोणताही उतारा उपलब्ध नाही. म्हणून नॅलोक्सोन देणे चुकीचे ठरत नाही, उलट तेच पहिले काम आहे, पण त्यानंतरची गुंगी पाहून ‘फवारा चालला नाही’ असा निष्कर्ष काढू नये. दुसरी गोष्ट, नॅलोक्सोनचा परिणाम सुमारे अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, तर मेथाडोन कितीतरी अधिक टिकते. त्यामुळे शुद्धीवर आलेला माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणून घरी गेला तर झोपेत पुन्हा तीच अवस्था येऊ शकते. रुग्णालयात त्याला ऑक्सिजन लावतात, आणि इथेही सावध राहावे लागते, कारण ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाच्या बोटावरचे यंत्र समाधानकारक आकडा दाखवत असताना कार्बन डायऑक्साइड साचत जाऊ शकतो. म्हणून श्वासांची गणना आणि जागरूकता हीच खरी मोजमापे. त्याच्या मूत्रपिंडांचीही तपासणी होते, कारण ही दोन्ही औषधे जवळजवळ जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर पडतात, आणि मूत्रपिंड मंद असेल तर नेहमीचीच मात्रा दिवसेंदिवस साचत राहते.

हाच मुद्दा आपल्या घरातल्या वयस्कर माणसांना लागू पडतो, जिथे व्यसनाचा संबंधच नसतो. मधुमेहाने मूत्रपिंडे थकलेल्या आजींना आधीपासून प्रीगॅबालिन चालू असते, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर दुसरे डॉक्टर ट्रामाडोल लिहून देतात, आणि दोन चिठ्ठ्या एकमेकींना भेटतच नाहीत. ट्रामाडोल हेही अफूवर्गीयच. भारतात 2018 पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे. रात्री घोरणाऱ्या, दमा किंवा फुप्फुसांचा आजार असणाऱ्या माणसाला ही जोडी विशेष बाधते, म्हणून डॉक्टरांना सर्व औषधे, झोपेच्या गोळीसकट, दाखवावीत.

आपल्या गृहस्थाकडे परत येऊ. तिसऱ्या दिवशी तो घरी जातो, तेव्हा त्याचे मेथाडोन बंद केलेले नसते, कारण ते बंद केले तर तो पुन्हा हेरॉइनकडे जाण्याचा धोका अधिक. प्रीगॅबालिनही एका दिवसात थांबवत नाहीत. तीन महिने रोज घेतल्यावर ते एकदम तोडले तर घाम, चिंता, निद्रानाश आणि कधी झटकेही येऊ शकतात, म्हणून निदान आठवडाभरात, त्याच्या बाबतीत त्याहून सावकाश, मात्रा उतरवायची ठरते. ती मात्रा आता मित्राच्या खिशातून येत नाही. मेथाडोन जिथे मिळते त्याच दुकानातून, रोजच्या रोज, एका दिवसापुरतीच दिली जाते, आणि त्याच्या पत्नीच्या पर्समध्ये नॅलोक्सोनचा नवा फवारा ठेवलेला असतो.

नमस्कार.